पिवळे तूप, पांढरे तूप आणि सरकीचा खानदेश

जळगावच्या दाणाबाजारात किंवा धुळ्याच्या एखाद्या जुन्या किराणा पेढीत तुपाचे दोन डबे शेजारी शेजारी उघडले, तर गिऱ्हाईक पहिला निवाडा डोळ्यांनीच करते. पिवळे ते गाईचे, पांढरे ते म्हशीचे. दुसरा निवाडा बोटांचा असतो. मोठी कणी लागली की माल शुद्ध. तिसरा नाकाचा. पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या या तिन्ही कसोट्यांमध्ये तथ्य आहे. मात्र कापूस पिकवणाऱ्या आणि जनावरांना सरकी चारणाऱ्या आपल्या खानदेशात त्या अनेकदा फसवतात. येथील निर्भेळ तूप कागदोपत्री संशयास्पद ठरू शकते आणि भेसळीचे तूप निर्दोष ठरू शकते. ज्यांच्या घरी तूप खाल्ले जाते आणि ज्यांच्या पेढीवर ते विकलेही जाते, त्यांनी हा भेद समजून घेणे अगत्याचे आहे.

रंग : कोणाच्या शरीरात काय उरते

हिरव्या चाऱ्यात कॅरोटीन नावाचे पिवळे द्रव्य असते. गाय आणि म्हैस दोघीही ते खातात. म्हैस जवळजवळ सर्व कॅरोटीनचे रूपांतर रंगहीन ‘अ’ जीवनसत्त्वात करते, म्हणून तिच्या तुपात पिवळेपणा उतरत नाही. गाईच्या शरीरात हे रूपांतर अपुरे होते आणि उरलेले कॅरोटीन दुधाच्या स्निग्धांशात मिसळते. गाईच्या तुपाचा सोनेरी रंग म्हणजे हे शिल्लक राहिलेले कॅरोटीन होय. यावरून म्हशीच्या तुपात ‘अ’ जीवनसत्त्व नसते असा अर्थ कोणी काढू नये. ते असते, केवळ त्याला रंग नसतो. म्हशीच्या तुपावर कधी कधी अतिशय फिकट हिरवट झाक दिसते. तीही तिच्या दुधातील नैसर्गिक रंगद्रव्यांची असते, ती भांड्याच्या कळकाची खूण समजू नये.

रंग जनावराबरोबर चाऱ्यावरही अवलंबून असल्याने तो वर्षभर सारखा राहत नाही. श्रावण-भाद्रपदात हिरव्या चाऱ्यावर असलेल्या गाईचे तूप गडद पिवळे येते. तीच गाय चैत्र-वैशाखात वाळलेल्या कडब्यावर आली की तूप फिकट होते, आणि ते पाहून गिऱ्हाईक विचारते की यात म्हशीचे किती मिसळले. उलट बारा महिने एकसारखा गर्द पिवळा राहणारा डबा पाहून कोणी शंका घेत नाही. वस्तुतः शंका तेथेच घ्यायला हवी. तुपात बाहेरून रंग घालण्यास कायद्याने परवानगी नाही. लोण्याला रंग देण्यासाठी वापरला जाणारा शेंद्रीच्या बियांचा रंग म्हशीच्या तुपात उतरवला, तर डोळ्यांना तो गाईच्या तुपापासून वेगळा ओळखता येत नाही.

रंगाविषयी आणखी एक गैरसमज दर हिवाळ्याच्या तोंडाशी उद्भवतो. दिवाळीनंतर बरणीत तुपाचे दोन थर होतात, खाली पांढरट कणी आणि वर पिवळे पातळ तूप. हे भेसळीचे लक्षण नव्हे. तूप हा एकच पदार्थ दिसत असला, तरी तो निरनिराळ्या उष्णतेला वितळणाऱ्या अनेक स्निग्ध घटकांचे मिश्रण आहे. उन्हाळ्यात भुसावळ-जळगावचा पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा सारेच तूप पातळ होते. हवा हळूहळू निवू लागली की जे घटक आधी गोठतात ते कणीच्या रूपाने तळाशी बसतात, आणि कॅरोटीन वरच्या पातळ भागात राहते. अशा बरणीतील तूप मंद आचेवर पूर्ण वितळवून ढवळावे आणि मग हळूहळू निवू द्यावे. २८-२९ अंशांच्या आसपास सावकाश निवलेल्या तुपाला उत्तम कणी येते. धुळ्याच्या थंडीत उघड्यावर झटकन गोठलेले तेच तूप चिकट, बारीक कणीचे होते. माल तोच, निवण्याची रीत निराळी.

सुगंध : जनावरापेक्षा कढईचा अधिक

गरम बट्टी फोडून तिच्यावर तूप घातले की जो दरवळ सुटतो, त्याचे श्रेय आपण गाईला किंवा म्हशीला देतो. प्रत्यक्षात त्याचा बराचसा भाग कढईत जन्मलेला असतो. लोण्यात ताकाचा थोडा अंश राहतो. त्यात दुधाची साखर आणि प्रथिने असतात. लोणी कढत असताना पाणी उडून गेले की उष्णता शंभर अंशांच्या पुढे चढते आणि साखर व प्रथिने एकमेकांत भाजली जाऊन बदामी बेरी तयार होते. खमंग वासाची द्रव्ये याच वेळी निर्माण होऊन तुपात उतरतात. ११० अंशांच्या आसपास कढ थांबवला तर वास सौम्य राहतो. १२० अंशांपर्यंत नेला तर तो भाजका आणि खोल होतो. बेरी काळी पडली की मात्र करपट वास येतो आणि तो पुढे कशानेही जात नाही.

सुगंधाचा दुसरा उगम विरजणात आहे. दह्याचे लोणी काढून केलेल्या लोणकढ्या तुपाला जो वास येतो तो यंत्राने काढलेल्या ताज्या मलईच्या तुपाला येत नाही, कारण विरजणातील जिवाणूंनी निर्माण केलेली सुवासिक द्रव्ये मलईत नसतात. मोठ्या डेअऱ्यांचे तूप बहुधा मलईचे किंवा मलईच्या लोण्याचे असते. ते निर्भेळ असूनही ‘घरच्यासारखे’ लागत नाही, याचे कारण हेच.

मग गाय-म्हैस यांच्या वासात काहीच अंतर नाही का? आहे, पण ते बारीक आहे. त्याचा उगम दोन्ही तुपांतील लहान साखळीच्या स्निग्धाम्लांच्या प्रमाणात आहे. एकाच रीतीने, एकाच आचेवर कढवलेले दोन नमुने शेजारी ठेवले तर जाणकाराला ते कळते. निरनिराळ्या घरी निरनिराळ्या रीतीने झालेले दोन डबे केवळ हुंगून कोणते गाईचे हे सांगणे विश्वासार्ह नाही.

घडण : लहान साखळी, मोठी कणी

दोन्ही तुपांचा मूळ सांगाडा सारखाच आहे. दोन्हींत ९९ टक्क्यांहून अधिक स्निग्धांश असतो, दोन्हींचा सुमारे दोन-तृतीयांश भाग संपृक्त असतो, आणि १०० ग्रॅममागे ऊर्जा सुमारे ९०० कॅलरी असते. म्हणून ‘गाईचे तूप हलके, ते कितीही खावे’ या म्हणण्याला आधार नाही. कोलेस्टेरॉल म्हशीच्या तुपात अधिक असते अशी समजूत आहे. मोजमाप उलट सांगते. १०० ग्रॅममागे साधारण ३०० मिलिग्रॅमच्या आसपासचा हा आकडा गाईच्या तुपात थोडा वर, म्हशीच्या तुपात थोडा खाली असतो. पाच ग्रॅमच्या चमच्यात हा फरक नगण्य ठरतो.

खरा भेद घडणीच्या दोन टोकांना आहे. म्हशीच्या तुपात पामिटिक आणि स्टिअरिक ही लांब साखळीची, उशिरा वितळणारी आम्ले अधिक असतात, म्हणून ते लवकर गोठते आणि त्याची कणी मोठी व टणक होते. त्याच वेळी ब्युटिरिक हे सर्वांत लहान साखळीचे आम्लही म्हशीच्या तुपातच अधिक असते. गाईच्या तुपात त्याच्या पुढची काही लहान-मध्यम आम्ले तुलनेने अधिक असून एकूण ठेवण मऊ असते. कणीवरून शुद्धतेचा निवाडा करणारा ग्राहक त्यामुळे नकळत म्हशीच्या तुपाला झुकते माप देतो.

हल्ली ‘ए-टू तूप’ म्हणून दुप्पट-तिप्पट भावाचे डबे येतात. ए-वन आणि ए-टू हे दुधातील बीटा-केसीन या प्रथिनाचे प्रकार आहेत. तूप कढवून गाळल्यावर त्यात प्रथिन जवळजवळ उरतच नाही. मग त्या प्रथिनाच्या नावाने तुपाला भाव कशाचा? भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २१ ऑगस्ट २०२४ रोजी असे दावे वेष्टनांवरून काढण्याची सूचना केली आणि पाच दिवसांतच ती मागे घेतली. सूचना मागे गेली, तरी तुपात प्रथिन नसते ही गोष्ट काही बदललेली नाही.

सरकी : खानदेशाचा स्वतःचा पेच

तूप परीक्षणाचा सर्वांत जुना व आजही चालणारा आकडा म्हणजे रायखर्ट-माइसेल मूल्य. प्रयोगशाळेच्या अहवालात ते आर.एम. म्हणून येते. पाच ग्रॅम तुपातून वाफेबरोबर उडून पाण्यात विरघळणारी लहान साखळीची आम्ले किती निघतात, हे तो आकडा सांगतो. अशी आम्ले दुधाच्या स्निग्धांशाची खासियत आहे. शेंगदाणा, सोयाबीन किंवा पाम यांच्या तेलात ती जवळजवळ नसतात. म्हणून तुपात तेल मिसळले की हा आकडा उतरतो. सर्वसाधारणपणे म्हशीच्या तुपाचा आकडा गाईच्या तुपापेक्षा जास्त असतो. ब्युटिरिक आम्लाचा हा परिणाम.

आता आपल्या जिल्ह्यांकडे वळू. जळगाव-धुळ्याच्या शेतकऱ्याकडे कपाशी आहे, जिनिंगमधून निघालेली सरकी आहे आणि तेलघाण्यातून निघालेली ढेप आहे. दुभत्या जनावराला ती चारली की दुधाचे फॅट वाढते, म्हणून ती सर्रास चारली जाते. परंतु सरकीत भरपूर तेल असते. त्या तेलाची लांब साखळीची आम्ले जनावराच्या रक्तातून थेट दुधात उतरतात आणि लहान साखळीच्या आम्लांचे प्रमाण घटते. सरकीतील काही विशिष्ट आम्ले स्टिअरिक आम्लाचे मऊ ओलिक आम्लात होणारे रूपांतरही अडवतात. परिणामी तूप कठीण होते, कणी टणक होते, आर.एम. उतरतो आणि वक्रीभवनमापकाचा, म्हणजे अहवालातील बी.आर.चा, आकडा चढतो. कोणतीही भेसळ न करता तूप ‘भेसळीसारखे’ दिसू लागते.

ही गोष्ट शासनाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १९३८ च्या अ‍ॅगमार्क तूप नियमांत अखिल भारतीय तुपासाठी आर.एम. किमान २८ आणि बी.आर. ४० ते ४३ ठरला. काठेवाड व विदर्भ यांसारख्या सरकीच्या प्रदेशांच्या तुपासाठी मात्र आर.एम. हिवाळ्यात २३ आणि उन्हाळ्यात २१ पर्यंत चालतो, आणि बी.आर. उन्हाळ्यात ४५ पर्यंत. अन्नकायद्यानेही ‘कापूसपट्टा’ ही संज्ञा मान्य केली आहे. जेथे जनावरांना सरकी मोठ्या प्रमाणावर चारली जाते आणि राज्य शासनाने तसे अधिसूचित केले आहे, असा प्रदेश. आपला तालुका त्या यादीत आहे किंवा नाही, हे पेढीने अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयातून एकदा लेखी समजून घ्यावे.

सवलत न्याय्य आहे. परंतु तिच्यातूनच पळवाट निघते. एक हिशेब करून पाहू. समजा, सरकी न खाणाऱ्या म्हशींचे, आर.एम. ३२ असलेले उत्तम तूप कोणाकडे आहे. त्यात एक-अष्टमांश पामतेल मिसळले, तर आकडा ३२ चा सात-अष्टमांश, म्हणजे २८ होतो. अखिल भारतीय कसोटीलाही हा माल उतरला. पाव हिस्सा तेल मिसळले तर आकडा २४ होतो. आता तो सरकीच्या प्रदेशाचा माल म्हणून हिवाळ्यातही खपतो. तिसरा हिस्सा मिसळला तर २१ च्या किंचित वर राहतो आणि उन्हाळ्याच्या कसोटीतून निसटतो. दुसरीकडे पारोळ्याच्या एखाद्या शेतकऱ्याने सरकीवर पोसलेल्या म्हशीचे २४ आकड्याचे निर्भेळ तूप पाठवले, तर ते बाहेरच्या राज्यातील व्यापारी २८ चा नियम दाखवून परत करतो. एकच आकडा एकाला चोर ठरवतो आणि दुसऱ्याला सोडून देतो.

जुनी दुसरी कसोटी बोदुआँ चाचणीची. तिचा खानदेशाशी निकटचा संबंध आहे. १९४५ मध्ये अमळनेरला महम्मद हाशम प्रेमजी यांनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तूप बनवणारी कंपनी स्थापन केली. तीच पुढे विप्रो झाली. वनस्पती तूप दिसायला कणीदार तुपासारखे असल्याने त्याची भेसळ ओळखू यावी म्हणून त्यात किमान ५ टक्के तिळाचे तेल घालणे देशभर बंधनकारक झाले. तिळातील एक द्रव्य तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरल यांच्यासह गुलाबी-लाल रंग देते. तुपाचा नमुना असा लाल झाला की वनस्पतीची भेसळ उघड होते. ही चाचणी तीव्र आम्लाची असल्याने ती प्रयोगशाळेतच व्हावी. तिची मर्यादाही लक्षात ठेवावी. तिळाचे तेल नसलेले साधे पामतेल किंवा जनावरांची चरबी मिसळली असेल, तर रंग येत नाही आणि अहवालात ‘बोदुआँ नकारार्थी’ असे समाधानकारक शब्द उमटतात.

म्हणून मोठी खरेदी करणाऱ्याने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून आणखी दोन गोष्टी मागाव्यात. पहिली, बीटा-सिटोस्टेरॉलची तपासणी. हे द्रव्य वनस्पतींच्या तेलात असते, निर्भेळ तुपात त्याला जागा नाही. त्यामुळे पामतेल यात पकडले जाते. दुसरी, गॅस क्रोमॅटोग्राफीवरील ट्रायग्लिसराइडांची तपासणी. जनावरांच्या चरबीत सिटोस्टेरॉल नसते, म्हणून पहिल्या तपासणीतून ती निसटते. तिचा सुगावा या दुसऱ्या तपासणीतच लागू शकतो. आपल्या घरांच्या दृष्टीने या दोहोंतील कोणता दोष अधिक गंभीर आहे, हे सांगायला नकोच. या तपासणीचा अर्थ लावतानाही जनावरांना सरकी चारली होती का, ही माहिती प्रयोगशाळेला आधी द्यावी. नाहीतर निर्दोष मालावर किटाळ येते.

गाईच्या तुपात म्हशीचे तूप मिसळले आहे का, हे मात्र यांपैकी कोणतीही तपासणी ठामपणे सांगत नाही. दोन्हींच्या आकड्यांच्या कक्षा एकमेकींत शिरलेल्या असतात. तेथे उगमाचाच हिशेब पाहावा. गाईच्या दुधात ४ टक्के फॅट धरले तर एका लिटरमध्ये सुमारे ४१ ग्रॅम स्निग्धांश असतो. ताकातली घट धरून एक किलो तुपाला २७ ते ३० लिटर दूध लागते. म्हशीच्या ७ टक्के फॅटच्या दुधाचे १५ ते १७ लिटर पुरते. म्हणजे पंधरा किलोच्या एका डब्यामागे गाईचे चारशे लिटरहून अधिक दूध हवे. विक्रेता गाईचे दूध वेगळे संकलित करतो का, रोज किती, आणि त्यातून एवढे डबे निघतात का, हे विचारणाऱ्याला रंगापेक्षा खरे उत्तर मिळते.

टिकाऊपणा : ‘चलित रस’ केव्हा होतो

ज्या पदार्थाचा वर्ण, गंध, रस किंवा स्पर्श पालटला तो चलित रस, म्हणून अभक्ष्य, ही आपल्या घरांची कसोटी आहे. तूप दोन वाटांनी पालटते. एक वाट पाण्याची. लोण्यात किंवा सायीत जिवाणू व पाणी असेपर्यंत स्निग्धांश फुटून मोकळी आम्ले तयार होत राहतात. लहान साखळीचे ब्युटिरिक आम्ल मोकळे झाले की उग्र वास येतो. आठवडाभर साठवलेल्या सायीच्या तुपात हा दोष कढवण्याच्या आधीच शिरलेला असतो आणि कढवून तो पूर्णपणे जात नाही. अ‍ॅगमार्कच्या विशेष प्रतीत मोकळी आम्ले १.४ टक्क्यांपर्यंत, सर्वसाधारण प्रतीत २.५ टक्क्यांपर्यंत चालतात, आर.एम.च्या शेजारी हाही आकडा पाहावा. नवनीत अभक्ष्य मानून ताकातून निघालेले लोणी अंतर्मुहूर्तात, म्हणजे ४८ मिनिटांच्या आत, कढवण्याचा जो नियम घरोघरी पाळला जातो, त्याचे फळ या आकड्यात स्पष्ट दिसते.

दुसरी वाट हवेची. प्राणवायूने असंपृक्त आम्ले खवट होतात. प्रकाश, उष्णता, तांबे आणि लोखंड ही क्रिया वेगाने घडवतात. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात कढवलेले तूप म्हणूनच लवकर बिघडते. म्हशीच्या तुपात असंपृक्त आम्ले थोडी कमी, तर गाईच्या तुपात कॅरोटीनसारखी संरक्षक द्रव्ये अधिक. त्यामुळे केवळ जनावरावरून कोणते अधिक टिकेल हे ठरत नाही. शिवाय कॅरोटीन अंधारात राखण करते, उजेडात तेच उडून जाते. दुकानाच्या दर्शनी काचेत ठेवलेल्या गाईच्या तुपाच्या बरण्या फिकट पडतात त्या याच कारणाने.

खरा निर्णय कढ आणि डबा करतात. कढ १२० अंशांपर्यंत नेऊन बेरी बदामी होऊ दिली, तर तिच्यातील काही द्रव्ये तुपात उतरून खवटपणाला आवर घालतात. बुडबुडे विरून तूप शांत झाले, की पाणी गेले असे समजावे. ओलावा अर्ध्या टक्क्याहून अधिक राहू नये. गाळलेले तूप कोरड्या, अपारदर्शक डब्यात काठोकाठ भरावे, म्हणजे वर हवेला जागा राहत नाही. असे तूप सावलीत सहा महिने ते वर्षभर उत्तम राहते. पत्र्याच्या छपराखालील गोदामात वैशाखभर तापलेल्या डब्याला ही मुदत लागू नाही. तो माल आधी संपवावा. रोजच्या वापराची बरणी लहान ठेवावी, कारण ओला चमचा एकदा जरी बुडाला, तरी जी वाट कढईत बंद केली होती ती पुन्हा उघडते.

एक दक्षता शेवटी नमूद करावीशी वाटते. खवटपणाची पहिली खूण वासात नव्हे, चवीत येते. तूप जिभेवर वितळल्यानंतर घशाशी किंचित बोचरी, चरबट चव रेंगाळली, तर डबा दिसायला कितीही सोनेरी किंवा कणीदार असो, त्याचा रस पालटू लागला आहे.